ओळीच्या टोकावरचा हायफन

शिष्यवृत्तीचे परिपत्रक असो, जातीच्या दाखल्याचा शासन निर्णय असो किंवा वक्फ मालमत्तेसंबंधीची सूचना असो, आपल्या कामाचा जवळपास प्रत्येक सरकारी कागद आता पीडीएफमध्ये येतो. पण लोक तो वाचतात मोबाइलवर, मेसेजच्या रूपात. मधल्या मध्ये जमातीतला किंवा मोहल्ल्यातला कुणी होतकरू मुलगा त्यातला मजकूर कॉपी करतो, वर्डमध्ये पेस्ट करतो, जरा नीटनेटका करतो आणि पुढे पाठवतो. हे काम चांगलेच आहे. माझे म्हणणे त्यातल्या ‘नीटनेटका करतो’ या दोन शब्दांपुरते आहे. मजकूर बिघडतो तो बहुतेक वेळा तिथे, आणि बिघडला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पीडीएफमधून पेस्ट केलेल्या मजकुरात तीन प्रकारचा कचरा येतो. ओळी वाक्याच्या मध्येच तुटलेल्या असतात, ओळींच्या टोकाला हायफन लटकत असतात आणि शब्दांमध्ये दोन-दोन, तीन-तीन स्पेस पडलेल्या असतात. तो साफ करायचे जे नुस्खे इंटरनेटवर सापडतात ते इंग्रजी मजकुरासाठी तयार झालेले आहेत. त्यातला सर्वात लोकप्रिय नुस्खा सांगतो की ओळीच्या टोकाला हायफन दिसला की तो काढून टाका आणि दोन्ही तुकडे जोडा. इंग्रजीला हे बरेचसे लागू पडते. मराठीत हाच नुस्खा सगळ्यात जास्त नुकसान करतो, आणि तेही गुपचूप.

आधी हा कचरा येतो कुठून ते पाहू. वर्डच्या फाइलमध्ये परिच्छेद ही एक सलग गोष्ट असते. कागदाची रुंदी बदलली की ओळी आपोआप पुन्हा बसतात. पीडीएफमध्ये तसे नसते. हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला तो कागद सगळीकडे सारखाच दिसावा, सारखाच छापला जावा यासाठी. म्हणून पीडीएफ मुख्यतः एवढेच लक्षात ठेवते की अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी काढायचे आहे. परिच्छेद कुठे संपला, शब्द कुठे सुरू झाला, हे तिच्यात नोंदवता येते, पण बहुतेक फाइलींमध्ये ते नोंदवलेले नसते. आपण मजकूर निवडून कॉपी करतो तेव्हा पीडीएफ दाखवणारे सॉफ्टवेअर अंदाज बांधते. अक्षरे एक पायरी खाली उतरली, म्हणजे नवी ओळ. दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा दिसली, म्हणजे स्पेस. मजकूर दोन्ही कडांना सारखा बसवलेला असेल तर शब्दांमधली जागा ताणलेली असते, आणि ताणलेल्या जागेला सॉफ्टवेअर कधी एक स्पेस समजते, कधी दोन. पानाच्या तळाचा पृष्ठक्रमांकही त्याच्या दृष्टीने आणखी एक ओळच असते. त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या वाक्याच्या पोटात तो क्रमांक जाऊन बसतो. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांत तळाशी ‘पृष्ठ ३ पैकी १’ अशी ओळ असते, ती पेस्ट केलेल्या वाक्यांत अशीच घुसलेली सापडते.

आता हायफनकडे येऊ. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात त्याला संयोगचिन्ह म्हणतात, म्हणजे जोडणारे चिन्ह. इंग्रजी छपाईत त्याचे आणखी एक काम असते. ओळीत न मावणारा लांब शब्द तोडायचा आणि तोडलेल्या जागी हायफन ठेवायचा. तो हायफन शब्दाचा भाग नसतो, ओळ बदलली की त्याची गरज संपते. म्हणून इंग्रजीत तो सरसकट काढण्याचा सल्ला चालून जातो.

मराठी सरकारी कागद बहुतेक करून वर्डमध्ये टाइप केलेले असतात, आणि तिथे मराठी शब्द हायफन देऊन तोडण्याची सोय सहसा चालू केलेली नसते. शब्द मावला नाही तर तो अख्खाच्या अख्खा खालच्या ओळीत जातो. मग ओळीच्या टोकाला हायफन येतो कसा? तो येतो शब्दात तो मुळातच होता म्हणून. वर्डला हायफन दिसला की त्याच्यानंतर ओळ तोडायला ते मोकळे असते. ‘वसई-विरार’ ओळीच्या शेवटी आले तर ‘वसई-’ वर राहते आणि ‘विरार’ खाली जाते. म्हणजे इंग्रजी पुस्तकात ओळीच्या टोकावरचा हायफन बहुधा उपरा असतो आणि मराठी शासन निर्णयात तो बहुधा घरचा असतो. परका समजून आपण त्यालाच घराबाहेर काढतो.

आणि मराठीत घरचे हायफन थोडेथोडके नाहीत. आई-वडील, रोजा-नमाज, ईद-उल-फित्र, २०१४-१५ हे शैक्षणिक वर्ष. शिवाय गावांना जोडणाऱ्या रस्त्यांची नावे. आमचे कामण ज्या रस्त्यावर आहे त्याचे नावच चिंचोटी-कामण-अंजूरफाटा-माणकोली असे आहे. एका नावात तीन हायफन, म्हणजे ओळ तुटायला तीन जागा.

आपल्या समाजाच्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर जुलै २०१४ चे घ्या. त्या महिन्यात राज्य सरकारने अध्यादेश काढून पन्नास मुस्लिम समाजगटांना पाच टक्के आरक्षण दिले आणि त्यासाठी नवा प्रवर्ग केला, ‘विशेष मागास प्रवर्ग-अ’. डिसेंबरपर्यंत त्या अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपुष्टात आला. त्या राजकारणात मी इथे जात नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की प्रवर्गाची ओळख शेवटच्या एका अक्षरावर होती आणि ते अक्षर हायफनने टांगलेले होते. हायफन ओळीच्या टोकाला गेला की ‘अ’ खालच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा पडतो.

हे प्रत्यक्षात कसे बिघडते ते दिसावे म्हणून मी एक वाक्य रचले आहे. ते कुठल्याही खऱ्या आदेशातले नाही, पण असे तुकडे खऱ्या कागदांत येतात. पीडीएफमधून ते असे पेस्ट झाले असे समजा.

```
चिंचोटी-कामण-
अंजूरफाटा-माणकोली  रस्त्यालगतच्या गावांतील
विशेष मागास प्रवर्ग-
अ मधील विद्यार्थ्यांनी २०१४-
पृष्ठ ३ पैकी १
१५ या वर्षाचे अर्ज महानगर-
पालिकेच्या  कार्यालयात द्यावेत.
```

ओळीच्या टोकाला चार हायफन आहेत. इंटरनेटवरचा नुस्खा चालवला, म्हणजे आधी टोकावरचे सगळे हायफन काढून तुकडे जोडले आणि मग उरलेल्या ओळी स्पेस देऊन जोडल्या, तर हाती हे येते.

```
चिंचोटी-कामणअंजूरफाटा-माणकोली  रस्त्यालगतच्या
गावांतील विशेष मागास प्रवर्गअ मधील विद्यार्थ्यांनी
२०१४पृष्ठ ३ पैकी १ १५ या वर्षाचे अर्ज
महानगरपालिकेच्या  कार्यालयात द्यावेत.
```

(इथे ओळी फक्त वाचायला सोपे जावे म्हणून मोडल्या आहेत.) चारपैकी ‘महानगरपालिकेच्या’ हा एकच शब्द नीट जोडला गेला, कारण तिथे हायफन खरोखर ओळ तोडण्यासाठी आला होता. उरलेल्या तीन जागी नुकसान झाले. ‘कामणअंजूरफाटा’ नावाचे गाव जगात कुठे नाही, आणि ‘कामण’ हा पूर्ण शब्द शोधणाऱ्याला या यादीत आपले गाव सापडणार नाही. ‘प्रवर्गअ’ वाचून कुणालाही ती टायपिंगची चूक वाटेल आणि दुरुस्त करताना तो ‘अ’ उडवून टाकील. पृष्ठाची ओळ नंतर हाताने काढली तरी मागे ‘२०१४१५’ किंवा ‘२०१४ १५’ राहील. वर्ष होते की दुसरा कुठला आकडा, हे मूळ कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

आता उलटे करून पाहा. समजा आपण एकही हायफन काढला नाही, नुसत्या ओळी जोडल्या. मग तीन जागा बरोबर राहतात आणि एका जागी ‘महानगर-पालिकेच्या’ असे येते. ते दिसायला वाईट आहे, पण त्याने अर्थ बदलत नाही. शिवाय ती चूक डोळ्यांना दिसते, पुढचा वाचणारा ती काढू शकतो. गेलेला हायफन मात्र दिसत नाही, कारण जे नाही ते दिसणार कसे? माझे मत या फरकावर उभे आहे. जास्तीचा हायफन उघडी चूक करतो, उडालेला हायफन झाकलेली चूक करतो. म्हणून मराठीत शंका आली तर हायफन ठेवावा.

साफ करण्याच्या पायऱ्या मी वर्डच्या सांगतो, कारण बहुतेकांकडे तेच असते. यात पायऱ्यांचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे. पेस्ट करताना मजकूर साध्या रूपात घ्यावा (`Keep Text Only`), आणि मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवावी. मग `Ctrl+Shift+8` दाबावे. प्रत्येक ओळीच्या शेवटी ¶ अशी खूण दिसू लागते आणि प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका दिसतो. कचरा आता डोळ्यांसमोर असतो. पुढची सगळी कामे `Ctrl+H` च्या खिडकीत होतात. तिथे `Use wildcards` वर खूण नसावी, कारण ती असेल तर `Find what` मध्ये `^p` चालत नाही. वर्डच्या भाषेत `^p` म्हणजे ओळीच्या शेवटची ती ¶ खूण. काही वेळा ¶ ऐवजी खाली वळलेला बाण दिसतो, त्याच्यासाठी `^l` आहे. असे बाण असतील तर आधी सगळे `^l` बदलून `^p` करून घ्यावेत, म्हणजे पुढे एकाच खुणेशी गाठ पडेल.

पहिले काम पृष्ठक्रमांकाच्या ओळी काढण्याचे. ‘पैकी’ शब्द शोधत एकेक ओळ पाहायची आणि तळाची ओळ असेल तर तिच्या ¶ सकट काढायची. हा शब्द वाक्यातही येतो, म्हणून इथे `Replace All` वापरायचे नाही. हे काम सर्वांत आधी का, ते वरच्या उदाहरणात दिसलेच आहे. ‘२०१४-’ आणि ‘१५’ यांच्यामध्ये पृष्ठाची ओळ बसलेली असेल तोवर ते दोन तुकडे एकमेकांचे आहेत हे ना वर्डला कळते ना आपल्याला.

दुसरे काम खरे परिच्छेद राखण्याचे. पुढे आपण सगळ्या ओळी जोडणार आहोत, तेव्हा कुठली ओळ खरोखर नव्याने सुरू होते हे आधीच नोंदवले नाही तर पाच कलमांचा आदेश एकाच ढिगात जाईल. पहिला परिच्छेद सोडून प्रत्येक नव्या परिच्छेदाच्या आणि प्रत्येक क्रमांकित कलमाच्या सुरुवातीला `@@` टाइप करावे. ही खूण मजकुरात दुसरीकडे कुठेही येत नाही म्हणून ती निवडायची. दोन-तीन पानांच्या कागदाला हे काम काही मिनिटांचे आहे, आणि ते यंत्रावर सोपवता येत नाही. पूर्णविरामाने संपणारी ओळ म्हणजे परिच्छेदाचा शेवट, असा नियम करावासा वाटतो, पण ‘ता. वसई, जि. पालघर’ लिहिताना ‘ता.’ वरही ओळ तुटू शकते.

तिसरे काम ओळीच्या शेवटी लपलेल्या स्पेस काढण्याचे. `Find what` मध्ये एक स्पेस आणि `^p` लिहायचे, `Replace with` मध्ये नुसते `^p`. हे `Replace All` ने करायला हरकत नाही, बदलांची संख्या शून्य येईपर्यंत करत राहावे. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण हायफन आणि ¶ यांच्यामध्ये एक स्पेस लपलेली असेल तर पुढच्या पायरीत तो हायफन सापडतच नाही.

चौथे काम हायफनचे. `Find what` मध्ये हे लिहावे:

```
-^p
```

आणि `Find Next` दाबत एकेका हायफनजवळ थांबावे. दोन्ही तुकडे जोडून वाचावेत. हायफन शब्दाचा असेल तर फक्त ¶ काढावी, आणि तो नुसताच शब्द तोडायला आला असेल तर दोन्ही काढावेत. कुठला ते ठरत नसेल तर हायफन ठेवावा. एक सोपी पारख अशी आहे की तोच शब्द त्याच कागदात ओळीच्या मध्ये कुठे आला आहे का ते शोधावे. तिथे तो हायफनसह असेल तर इथेही तसाच ठेवावा, कारण ओळीच्या मध्ये आलेला हायफन ओळ तोडण्यासाठी आलेला असू शकत नाही. चार पानांच्या आदेशात असे टोकावरचे हायफन मूठभरच निघतात. ते एकेक पाहायला लागणारा वेळ वाचवण्यासाठी `Replace All` दाबणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात किंवा छापखान्यात जुळवलेल्या पुस्तकात मात्र हे प्रमाण बदलते. तिथे मराठी शब्दही हायफन देऊन तोडलेले असतात. तशा मजकुरात काढायचे हायफन जास्त निघतील, पण पाहायचे एकेक करूनच.

एवढे झाले की बाकीचे यंत्रावर सोपवता येते. `^p` च्या जागी एक स्पेस, `Replace All`. मग स्पेस आणि `@@` यांच्या जागी `^p`, म्हणजे खरे परिच्छेद परत येतात. मग दोन स्पेसच्या जागी एक, शून्य बदल येईपर्यंत. तीन स्पेसच्या पहिल्या फेरीत दोन होतात आणि दुसऱ्या फेरीत एक, म्हणून एकदा दाबून थांबायचे नाही. दोन स्पेस दिसत असूनही वर्ड त्या शोधत नसेल तर त्यातली एक न तुटणारी स्पेस असते. तिच्यासाठी `^s` शोधून साधी स्पेस घालावी. सगळ्यात शेवटी हायफन आणि त्यामागे स्पेस असा जोड शोधावा. टोकावरचा एखादा हायफन नजरेतून सुटला असेल तर तो आता ‘कामण- अंजूरफाटा’ अशा रूपात इथे पकडला जातो.

दोन स्पेस शोधणे सोपे आहे. पण मराठीत एक वेगळी अडचण आहे, ती म्हणजे शब्दाच्या पोटात पडलेली एकच स्पेस. आपल्या अक्षरांना काना, मात्रा, वेलांटी असतात, आणि पीडीएफमध्ये त्या वेगळ्या जागी काढलेल्या असतात. सॉफ्टवेअरचा अंदाज तिथे चुकला की ‘कामण’ मधला काना सुटून पडतो. अशा सुटलेल्या काना-मात्रेखाली पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे एक वर्तुळ दिसते. ते दिसले की तिथे काहीतरी तुटले आहे असे समजावे. पण लांब मजकुरात डोळ्यांवर विसंबता येत नाही. त्यासाठी एक नियम कामी येतो. मराठीत कुठलाही शब्द काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा पाय मोडल्याच्या खुणेने सुरू होऊ शकत नाही. म्हणून स्पेसच्या लगेच मागे यातले काही आले तर ते शंभर टक्के चूक असते. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये `Ctrl+H` च्या खिडकीत `Regular expressions` वर खूण करून हे शोधता येते. खालच्या ओळीत सुरुवातीला एक स्पेस आहे, ती विसरू नये.

```
 [\u0901-\u0903\u093E-\u094D]
```

हे काही सापडले तर तो शब्द मूळ कागदात पाहून हाताने लिहावा. नुसती स्पेस काढून भागत नाही, कारण तिथे वेलांटी चुकीच्या अक्षरालाही चिकटलेली असू शकते. आणि जर सगळाच मजकूर अगम्य रोमन अक्षरांत आला, तर ती पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बनवलेली आहे. तिथे यातली एकही पायरी उपयोगाची नाही, आधी फॉन्ट बदलणारे साधन लागेल. मजकूर निवडताच येत नसेल तर ते कागदाचे छायाचित्र आहे, त्यातून कॉपी होणार नाही.

आणखी एका सोयीपासून सावध राहायला हवे. मजकुरातली ‘सगळी अदृश्य चिन्हे’ एका बटणात काढून देणारी साधने असतात. पीडीएफमधून अदृश्य हायफन येतात हे खरे, आणि ते काढायलाच हवेत. वर्डमध्ये ते `^-` ने सापडतात. पण मराठीत काही अदृश्य चिन्हे कामाची आहेत. ‘दऱ्या’ मधला अर्धा र काही जण ज्या पद्धतीने टाइप करतात तिच्यात र आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. ते पुसले की दऱ्याचा दर्या होतो. तुंगारेश्वरच्या डोंगरातल्या दऱ्या आणि वसईचा दर्या आमच्याकडे फार लांब नाहीत, पण दोन्ही एक नाहीत. म्हणून काय काढतो आहोत ते नाव घेऊन काढावे, ‘सगळे अदृश्य’ असा हुकूम देऊ नये.

याद्यांसाठी यापेक्षा सोपी आणि पक्की तपासणी आहे, मोजणी. पन्नास समाजगटांची यादी असेल तर साफ केल्यावर पन्नासच नोंदी निघायला हव्यात. लांब नाव दोन ओळींत गेले असेल आणि आपण प्रत्येक ओळ एक नोंद धरली, तर पन्नासचे एक्कावन्न होतात. उलट दोन छोटी नावे एका ओळीत जोडली गेली तर एकोणपन्नास उरतात. एक नाव तुटले आणि दोन नावे जुळली तर बेरीज पन्नासच येते, म्हणून अनुक्रमांक असतील तर तेही एक ते पन्नास सलग आहेत का ते पाहावे. माणसांच्या नावांच्या यादीत तर हे जास्तच जपायला हवे. ‘नूर-उल-हसन’ ओळीच्या टोकाला तुटले आणि ‘नूरउल-हसन’ म्हणून जोडले गेले, तर आधारवरचे नाव आणि यादीतले नाव जुळत नाही. मग त्या माणसाने खिडकीपुढे उभे राहून आपण तेच आहोत हे सांगत बसायचे. आपल्या नावांच्या स्पेलिंगचा जाच आधीच कमी नाही, त्यात आपल्याच हाताने भर कशाला?

आणि सफाई म्हणजे दुरुस्ती नव्हे. ओळी, हायफन, स्पेस यापलीकडे कशालाही हात लावायचा नाही. जुलै २०१४ च्या कागदावर कामणच्या पत्त्यात ‘जि. ठाणे’ असेल तर ते बरोबरच आहे, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. ते ‘सुधारून’ पालघर केले तर आपण मूळ कागदाशी खोटे बोलतो.

सरकारकडून माझी अपेक्षा साधी आहे. पीडीएफ सही-शिक्क्याची प्रत म्हणून राहू द्या, पण तिच्या शेजारी तोच मजकूर साध्या युनिकोड मराठीत द्या. तो ज्या फाइलमध्ये टाइप झाला ती कार्यालयात असतेच. आपण लोकांनी त्या दिवसाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी संकेतस्थळाचा पत्ता आणि एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो. आपण साफ केलेला मजकूर पुढे पाठवताना तो संकेतांक सलग, मध्ये स्पेस न पडू देता, खाली जोडावा. वाचणाऱ्याला आपल्या मेसेजवर विश्वास ठेवावा लागू नये, त्याला मूळ कागदापर्यंत जाता यावे. एखादा हायफन आपल्याकडून सुटला असेल तर तो त्याला तिथे, त्याच्या जागेवर सापडेल.